पुरावा, कारण, उपाय: बिघाड-विश्लेषणाचा अहवाल संपादित करताना ही तीन खाती वेगळी कशी ठेवायची

कारखान्यातला बिघाड-विश्लेषणाचा अहवाल बहुतेक वेळा त्याच माणसाने लिहिलेला असतो, ज्याने बिघाड पाहिला, कारण ओळखलं आणि दुरुस्तीही करून घेतली. त्याच्या डोक्यात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी असतात, त्यामुळे त्या कागदावरही एकाच वाक्यात उतरतात. संपादकाला ती वाक्यं फोडून प्रत्येक तुकडा आपापल्या खात्यात ठेवायचा असतो. हे भाषेचं काम वाटलं तरी ते तपासाचंच काम आहे. वाक्य फोडलं की मधला सांधा उघडा पडतो आणि तिथे पुरावा आहे की नुसता समज, हे लगेच दिसतं.

गोव्यात वारंवार भेटणारा एक बिघाड उदाहरणाला घेऊ. कारखाना आणि आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत. धातूचं वागणं खरं आहे.

वेर्णा औद्योगिक वसाहतीतला एक औषध कारखाना. पश्चिमेच्या उघड्या पाइप रॅकवरून गरम पाण्याची लाइन जाते. पाइप दोन इंची, ३०४ स्टेनलेस स्टीलचा, भिंतीची जाडी २.७७ मिलिमीटर. पाणी ८० अंशांचं, रिअ‍ॅक्टरची जॅकेटं तापवण्यासाठी. पाइपवर ५० मिलिमीटर रॉकवूलचं लॅगिंग, म्हणजे उष्णता टिकवणारं वेष्टण, आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं क्लॅडिंग. लाइन सात वर्षं चालली. सप्टेंबरमध्ये, चवथीचा दोन दिवसांचा बंद संपवून लाइन पुन्हा तापवली, आणि पुढच्या आठवड्यात एका एल्बोच्या, म्हणजे पाइपच्या वळणाच्या तुकड्याच्या, वेल्डजवळून पाणी ठिबकू लागलं.

कच्च्या अहवालातला मुख्य परिच्छेद असा:

«दि. ९ सप्टेंबर रोजी पश्चिमेकडील पाइप रॅकवर खाऱ्या हवेमुळे गंज लागून गरम पाण्याच्या लाइनला एल्बोच्या वेल्डजवळ गळती झाली. लॅगिंग काढून पाहिले असता कोटिंग नसल्यामुळे पाइपवर ताण-गंजाच्या भेगा आढळल्या. क्लॅडिंगचे सांधे उघडे असल्याने पावसाचे पाणी शिरून लॅगिंग ओले झाले होते. प्रयोगशाळेनेही क्लोराइडची पुष्टी केली आहे. देखभाल विभागाच्या दुर्लक्षामुळे ही घटना घडली. तरी ३०४ ऐवजी ३१६ एल पाइप वापरणे व संपूर्ण लाइनला कोटिंग करणे आवश्यक आहे.»

वाचायला हा परिच्छेद सरळ आणि पटणारा आहे. म्हणूनच तो सहीसाठी पुढे जातो आणि दोन पावसाळ्यांनी शेजारचा एल्बो गळू लागतो.

धातूविषयी एवढं माहीत हवं

संपादकाला धातुशास्त्रज्ञ व्हायची गरज नाही, पण ज्या बिघाडाचा अहवाल हाती आहे त्याला काय काय लागतं, हे ठाऊक नसेल तर पुरावा कुठे कमी पडतो ते कळणार नाही. ३०४ स्टीलमध्ये क्लोराइडचा ताण-गंज व्हायला तीन गोष्टी एकाच जागी लागतात: ओढणारा ताण, क्लोराइड आणि पाण्यासोबत पुरेशी उष्णता. ताण वेल्डिंगनंतर धातूत आपोआप उरतो. उष्णतेची व्यवहारातली सीमा साधारण ५० ते ६० अंश धरली जाते. तिच्या खाली धोका बराच कमी होतो. क्लोराइड थोडंसं असलं तरी चालतं, कारण लॅगिंगमध्ये शिरलेलं पाणी तापलेल्या पाइपवर आटतं आणि मीठ मागे ठेवतं. गोव्यात वर्षाकाठी साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. भिजणं आणि आटणं हे चक्र त्या चार महिन्यांत सतत चालू राहतं.

अशा भेगा सूक्ष्मदर्शकाखाली झाडाच्या फांद्यांसारख्या फुटलेल्या दिसतात आणि सहसा धातूच्या कणांच्या आरपार जातात. उष्णतेच्या चढउताराने किंवा कंपनाने थकून पडलेली भेग बहुधा सरळ असते, तिला फारशा फांद्या नसतात. पुढच्या सगळ्या संपादनाला एवढं पुरतं.

पहिली पायरी: न खोडता रंग लावा

मूळ फाइलची प्रत काढा, मूळ तशीच जपून ठेवा आणि प्रतीत बदलांचा माग ठेवण्याची सोय चालू करा. प्रयोगशाळेचा अहवाल, फोटो आणि कामाच्या नोंदी ही परिशिष्टं आहेत, त्यांच्यातला एक शब्दही बदलायचा नाही. प्रयोगशाळेच्या इंग्रजीत व्याकरणाची चूक असली तरी ती तशीच राहील.

मग प्रत्येक वाक्याला रंग द्या. कुणीतरी पाहिलं, मोजलं किंवा नोंदवहीत वाचलं ते हिरवं. कशाने काय झालं हे सांगणारं पिवळं. काय केलं किंवा करायचं ते निळं. एका वाक्यात दोन रंग आले तर वाक्याला नाही, शब्दांना रंग द्या. वरच्या परिच्छेदातलं पहिलंच वाक्य घ्या. «९ सप्टेंबर», «पश्चिमेकडील पाइप रॅक», «एल्बोच्या वेल्डजवळ गळती» हे हिरवं. «खाऱ्या हवेमुळे गंज लागून» हे पिवळं, आणि ते नेमकं मधोमध बसलंय. वाचणाऱ्याला तारीख जितकी खात्रीची वाटते तितकंच ते कारणही खात्रीचं वाटू लागतं.

रंग लावायच्या आधी आणखी सोपी चाळणी आहे. `Ctrl+F` दाबा आणि «मुळे» शोधा. मग «नसल्याने», «असल्याने», «अभावी», «दुर्लक्ष», «म्हणून», «तरी» शोधा. अहवाल इंग्रजीत असेल, आणि गोव्यातल्या कारखान्यांत तो बहुधा इंग्रजीतच असतो, तर «ड्यू टू», «कॉज्ड बाय», «लॅक ऑफ», «रिझल्टेड इन» यांचे इंग्रजी शब्द शोधा. निरीक्षणांच्या विभागात यातला एकही शब्द उरता कामा नये. जिथे सापडेल तिथे कारणाने पुराव्याच्या घरात पाय ठेवलाय असं समजा.

दुसरी पायरी: हिरवं वेगळं काढून त्याला क्रमांक द्या

आता हिरवे तुकडे एका नव्या विभागात उचला. प्रत्येक पुराव्याला क्रमांक आणि चार माहित्या: काय दिसलं किंवा किती मोजलं, नेमकं कुठे, कधी, आणि कोणत्या पद्धतीने. यातली एखादी माहिती अहवालात नसेल तर अंदाजाने भरू नका. लिहिणाऱ्याला प्रश्न म्हणून पाठवा.

इथे सगळ्यात जास्त लक्ष नामांकडे द्यावं लागतं. «मुळे» काढणं सोपं असतं, पण कारण नावातही लपून बसतं. «ताण-गंजाच्या भेगा आढळल्या» या वाक्यात «मुळे» नाही, तरी ते निरीक्षण नव्हे. रॅकवर उभं राहून टॉर्चच्या उजेडात ताण-गंज दिसत नाही, फक्त भेग दिसते. तसंच «पावसाचे पाणी». लॅगिंग ओलं होतं एवढंच दिसलं. ते पाणी पावसाचं हा निष्कर्ष आहे. «खाऱ्या हवेचा गंज» म्हणजे दिसलेला तपकिरी डाग. निरीक्षणातलं प्रत्येक नाम वाचून विचारा: हे डोळ्यांनी किंवा उपकरणाने कळलं, की विचार करून?

आपल्या उदाहरणात लिहिणाऱ्याला प्रश्न पाठवल्यावर आणि परिशिष्टं नीट वाचल्यावर पुराव्याचा विभाग असा झाला:

पु-१. ९ सप्टेंबर, सकाळची पाळी. रॅकच्या खालच्या पातळीवरच्या एल्बो क्रमांक ४ मधून थेंब पडताना दिसले. लॅगिंग काढल्यावर वेल्डपासून ८ मिलिमीटरवर, पाइपच्या तळाच्या बाजूला भेग. फोटो ३ व ४.

पु-२. एल्बो ४ वरच्या क्लॅडिंगचा सांधा १२ मिलिमीटर उघडा. सिलंट सुटलेलं. आतलं लॅगिंग ओलं.

पु-३. ११ सप्टेंबर, त्याच लाइनवरच्या आणखी पाच एल्बोंची डाय पेनिट्रंट तपासणी, म्हणजे रंगीत द्रव लावून बारीक भेगा शोधणं. एल्बो ७ वर बाहेरच्या पृष्ठभागावर भेगांच्या खुणा; तिथून गळती नाही. एल्बो ७ वरच्या पातळीवर आहे. त्याचाही क्लॅडिंगचा सांधा उघडा, लॅगिंग ओलं. उरलेल्या चार एल्बोंचे सांधे बंद, लॅगिंग कोरडं, खुणा नाहीत.

पु-४. प्रयोगशाळा: एल्बो ४ चा छेद. भेग बाहेरच्या पृष्ठभागावरून आत गेलेली, फांद्या फुटलेली, कणांच्या आरपार. भेगेतल्या साठ्यात क्लोरीन आढळलं. वेल्डजवळच्या कणसीमा तपासणीत बिघडलेल्या आढळल्या नाहीत.

पु-५. लॅगिंगमधून पाण्यात उतरणारं क्लोराइड, प्रति किलो मिलिग्रॅम: एल्बो ४ जवळचं ३१०, एल्बो ७ जवळचं २८०, बंद सांध्याच्या एल्बो २ जवळचं ९.

पु-६. लाइनमधल्या पाण्यातलं क्लोराइड: प्रति लिटर १८ मिलिग्रॅम.

पु-७. लॅगिंग ठेकेदाराच्या हस्तांतरण कागदात लिहिलेलं: क्लॅडिंगचे सांधे सिलंटने बंद ठेवावेत आणि दर मे महिन्यात तपासावेत. पाइपच्या कोटिंगचा उल्लेख नाही.

पु-८. देखभालीच्या कामाच्या नोंदी, मागची तीन वर्षं: या लाइनच्या क्लॅडिंग तपासणीची नोंद सापडली नाही.

पु-८ चे शेवटचे शब्द मुद्दाम तसे आहेत. कच्च्या मसुद्यात «तपासणी झाली नाही» असं होतं. नोंद सापडली नाही हा पुरावा आहे, तपासणी झाली नाही हा त्यावरून काढलेला अंदाज. कदाचित कुणी शिडी लावून पाहिलं असेल आणि लिहिलं नसेल. तसं असेल तर उपायही वेगळाच लागेल.

«प्रयोगशाळेनेही क्लोराइडची पुष्टी केली» हे वाक्य पूर्ण काढलं. प्रयोगशाळा मोजते, पुष्टी हा शब्द आपण जोडतो. आणि क्लोराइड कुठे सापडलं, भेगेत, लॅगिंगमध्ये की पाण्यात, यावर पुढचा सगळा तर्क उभा आहे. नुसत्या «पुष्टी»त तो सगळा फरक पुसला जातो.

तिसरी पायरी: कारण, आणि ते किती खात्रीचं

आता पिवळे तुकडे. प्रत्येक कारण एका वाक्यात लिहायचं: कशाने काय झालं. त्याखाली बाजूने असलेल्या पुराव्यांचे क्रमांक, विरुद्ध जाणारे पुरावे, आणि खात्रीची पातळी. पातळ्या तीनच ठेवा: सिद्ध, बहुधा, शक्य. त्यांचा अर्थ अहवालाच्या सुरुवातीला एकेका ओळीत द्या, नाहीतर «बहुधा» म्हणजे प्रत्येक वाचकाचं वेगळंच माप होतं. सिद्ध म्हणजे पुरावा या कारणाशी जुळतो आणि तपासलेल्या इतर सगळ्या शक्यतांशी विसंगत आहे. बहुधा म्हणजे जुळतो, पण एखादी शक्यता अजून उघडी आहे. शक्य म्हणजे विरोधात काही नाही, बाजूनेही खास काही नाही.

संपादकाने इथे स्वतः निकाल द्यायचा नाही. त्याने फक्त पाहायचं की दावा आणि पुरावा यांची उंची सारखी आहे का.

का-१: एल्बो ४ ची भेग हा बाहेरून आलेला क्लोराइडचा ताण-गंज. पु-१ ची वेल्डजवळची जागा, पु-४ च्या फांद्या आणि क्लोरीन, ८० अंशांचं तापमान, हे सगळं जुळतं. चवथीच्या बंदनंतर लाइन तापवताना बसलेला उष्णतेचा धक्का ही दुसरी शक्यता लिहिणाऱ्याच्या तोंडी होती, कागदावर नव्हती. ती कागदावर आणली. फांद्या फुटलेली भेग उष्णतेच्या थकव्याशी जुळत नाही आणि दोन दिवसांचा बंद सात वर्षांत काही पहिल्यांदाच झालेला नाही. आतल्या पाण्याचं क्लोराइड हीही शक्यता होती. भेग बाहेरून आत गेली आहे, म्हणून तीही गळली. वेल्डमुळे कणसीमा कमकुवत झाल्या असत्या तर भेग कणांच्या कडेने गेली असती. पु-४ तसं सांगत नाही. का-१ ला «सिद्ध» लिहायला हरकत नाही.

गळलेल्या शक्यता अहवालात राहिल्याच पाहिजेत. पानं वाचवण्यासाठी त्या कापणं ही संपादकाची मोठी चूक. पुढच्या बैठकीत कुणीतरी «पण बंदनंतरच गळलं ना?» असं विचारणारच, आणि उत्तर कागदावर नसेल तर अख्खा तपास पुन्हा सुरू होतो.

का-२: क्लोराइड उघड्या सांध्यातून पावसाच्या पाण्यासोबत आलं. इथे घाई नको, कारण या वाक्याखाली एक खड्डा आहे. एल्बो ४ जवळचं लॅगिंग ओलं होतं आणि त्यात क्लोराइड होतं, हे खरं. पण तिथेच पाइप गळत होता. गळलेलं गरम पाणी लॅगिंगमध्ये जाऊन आटलं, तर त्याचं १८ मिलिग्रॅमचं क्लोराइडही साचत साचत वाढू शकतं. म्हणजे एल्बो ४ चं ओलं लॅगिंग हे कारणही असू शकतं आणि परिणामही. कच्च्या अहवालाने ते थेट कारण मानलं होतं.

हा खड्डा एल्बो ७ भरतो. तिथे भेगा आहेत पण गळती नाही, आणि तो वरच्या पातळीवर असल्याने एल्बो ४ चं पाणी तिथे चढू शकत नाही. तरीही लॅगिंग ओलं, क्लोराइड २८०, सांधा उघडा. एल्बो २ वर सांधा बंद, लॅगिंग तेच, त्याच वयाचं, क्लोराइड ९. म्हणजे रॉकवूलमध्ये मुळातच क्लोराइड होतं ही शंकाही मिटते. ही तुलना दुकानातून आणलेल्या नव्या रॉकवूलशी केली असती तर उपयोग नव्हता, कारण सात वर्षांपूर्वीची खेप वेगळी असू शकते.

तरी का-२ ला «बहुधा» एवढंच लिहावं. पाणी बाहेरून आलं हे नक्की. क्लोराइड समुद्राच्या हवेतून आलं की रॅकशेजारी फरशी धुताना उडणाऱ्या क्लोरीनयुक्त पाण्यातून, हे यातल्या कुठल्याच पुराव्याने ठरत नाही. «खाऱ्या हवेमुळे» हे शब्द म्हणून गेले आणि त्यांच्या जागी «उघड्या सांध्यातून आलेल्या पाण्यासोबत» आले. गोव्यात समुद्र जवळ असतो म्हणून प्रत्येक गंज त्याच्या नावावर टाकायची सवय आहे. ती मोडायलाच हवी, कारण समुद्र कुणालाच हलवता येत नाही आणि असं कारण लिहिलं की कुणालाच काही करावं लागत नाही. फरशी धुण्याची नळी मात्र हलवता येते.

चौथी पायरी: «नसल्यामुळे»ची कसोटी

संपूर्ण कामातली ही सगळ्यात नाजूक जागा. «कोटिंग नसल्यामुळे भेगा पडल्या.» वाक्य कारणाचं दिसतं, पण नीट पाहिलं तर त्यात उपायच उलटा करून ठेवलेला आहे. लिहिणाऱ्याने आधी ठरवलं की कोटिंग करायचं, आणि मग त्याचा अभाव कारण म्हणून लिहिला. या रीतीने काहीही कारण होऊ शकतं: ३१६ एल नसल्यामुळे, पाइप रॅकवर छप्पर नसल्यामुळे, पाणी ४० अंशांवर न ठेवल्यामुळे. नसलेल्या गोष्टी अगणित असतात.

पण सगळेच अभाव खोटे नसतात, म्हणून सरसकट खोडूनही चालत नाही. कसोटी एकच: जे नव्हतं, ते असायला हवं होतं असं बिघाडाच्या आधीच्या कुठल्या कागदात लिहिलेलं होतं? डिझाइनचा कागद, ठेकेदाराचं हस्तांतरण, देखभालीची यादी, कारखान्याची कार्यपद्धती, काहीही चालेल. लिहिलेलं असेल, तर अभाव हे खरोखरचं विचलन आहे आणि कारणाच्या विभागात बसतं. नसेल, तर तो उपाय आहे. त्याला उपायांच्या विभागात पाठवा.

सिलंट पु-७ मध्ये मागितलेलं होतं आणि पु-२ मध्ये ते सुटलेलं आढळलं. म्हणून «सांध्याचं सिलंट टिकलेलं नव्हतं» हे कारणात राहतं. मे महिन्यातली तपासणीही मागितलेली होती, म्हणून का-३ असं होतं: «सांधे तपासून पुन्हा बंद करण्याचं काम वेळापत्रकात चढलं नाही.» पु-७ आणि पु-८ बाजूने, पातळी «बहुधा». कोटिंग कुणीच कधी मागितलं नव्हतं. ते उपायांकडे गेलं.

«देखभाल विभागाच्या दुर्लक्षामुळे» यालाही हीच कसोटी लावा. दुर्लक्ष म्हणजे अमुक काम अमुक माणसाकडे दिलं होतं आणि त्याने केलं नाही. इथे हस्तांतरणाचा कागद प्रकल्प विभागाच्या कपाटात राहिला आणि देखभालीच्या वेळापत्रकात कधी उतरलाच नाही. विभागाचं नाव घेतलं की तपास तिथेच थांबतो आणि कागद कपाटातच राहतो. पण «दुर्लक्ष» हा शब्द संपादकाने परस्पर बदलू नये. लिहिणाऱ्याला विचारा: «हे काम देखभालीला कोणत्या तारखेला, कोणत्या कागदाने सोपवलं होतं?» उत्तर नसलं की तो स्वतःच शब्द बदलतो.

पाचवी पायरी: उपायाला कारणाची दोरी

निळे तुकडे आता दोन ठिकाणी जातील. बिघाड तात्पुरता आवरण्यासाठी जे केलं ते वेगळं: एल्बो ४ कापून नवा तुकडा वेल्ड केला, एल्बो ७ बदलला, उघडे सांधे टेपने झाकले. औषध कारखान्यात ही नोंद गुणवत्ता विभागाला लागते, पण तिच्यामुळे कारण हटत नाही. हे सुधारात्मक उपायांच्या यादीत मिसळलं की काम पूर्ण झाल्यासारखं दिसतं आणि फाइल बंद होते.

सुधारात्मक उपायाला कारणाचा क्रमांक बांधायचा. ज्याला बांधता येत नाही तो उपाय काढायचा किंवा लिहिणाऱ्याकडून कारण मागायचं. का-२ साठी: सर्व बाहेरच्या एल्बोंचे सांधे पुन्हा करणं, वरचा पत्रा खालच्यावर असा चढवणं की पाणी बाहेर ओघळेल, मग सिलंट. का-१ साठी: लॅगिंग काढलेल्या जागी पाइपवर त्या तापमानाला चालणारं कोटिंग. यात झिंक असलेलं कोटिंग चालणार नाही हे उपायाच्या ओळीतच लिहा. वेल्डिंग किंवा आग लागली तर वितळलेलं झिंक स्टेनलेसलाच भेगा पाडतं. «योग्य कोटिंग करावे» एवढंच लिहिलं तर स्टोअरमध्ये जे असेल ते लागतं. का-३ साठी: पु-७ मधली मे तपासणी देखभालीच्या वेळापत्रकात काम म्हणून चढवणं, एल्बोंच्या क्रमांकांसह.

३१६ एल चं काय? तो का-१ ला बांधता येतो, पण पूर्ण नाही. ३१६ एल क्लोराइडला ३०४ पेक्षा थोडा जास्त तग धरतो, तरी या तापमानाला आणि साचलेल्या मिठाला तोही भेगाळू शकतो. संपादकाने तो उपाय खोडायचा नाही, त्याच्यापुढे मर्यादा लिहायला सांगायची: «भेगांचा धोका कमी होतो, जात नाही, सांधे बंद ठेवण्याला पर्याय नाही.» खर्चिक उपाय कारणाशी अर्धाच जुळत असेल तर ते कागदावर दिसलं पाहिजे. नाहीतर पाइप बदलला म्हणून सांध्यांकडे कुणी बघत नाही.

प्रत्येक उपायापुढे तो लागू पडला हे कसं कळणार, ते लिहा. इथे सर्रास लिहिलं जातं: «पुढील तीन महिने गळती नाही, उपाय परिणामकारक.» या बिघाडाला ते मोजमाप लागूच पडत नाही. पहिली भेग आरपार जायला सात वर्षं लागली. तीन महिने गळती न होणं हे काही न करताही झालं असतं. जुळणारं मोजमाप असं: पुढच्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, ठरवलेल्या तीन एल्बोंचं लॅगिंग उघडायचं, ओल पाहायची, क्लोराइड मोजायचं, डाय पेनिट्रंट करायचं. क्लोराइड एल्बो २ च्या ९ च्या आसपास राहिलं तर सांधे काम करत आहेत.

सहावी पायरी: झाकून वाचा

तिन्ही विभाग तयार झाले की उपायांचं पान झाका आणि कारणं वाचा. उपाय माहीत नसताना ती पूर्ण वाटतात का? एखादं कारण अर्धवट वाटलं तर त्यात अजून उपाय लपलेला आहे. मग कारणं झाका आणि नुसता पुरावा अशा सहकाऱ्याला द्या ज्याने तो बिघाड पाहिलेला नाही. त्याला विचारा, काय झालं असेल? तो आपल्याच कारणाजवळ आला तर पुरावा पुरेसा आहे. त्याने दुसरंच काही सांगितलं तर बहुतेक वेळा एखादं हिरवं वाक्य लिहायचं राहून गेलेलं असतं, लिहिणाऱ्याला इतकं उघड वाटलेलं की त्याने ते नोंदवलंच नाही. इथे एल्बो ७ वरच्या पातळीवर आहे ही गोष्ट तशीच निसटली होती.

शेवटी पहिल्या पानावरचा सारांश. सगळी मेहनत इथे पुन्हा मिसळायला लागते, कारण सारांश व्यवस्थापकासाठी असतो आणि त्याला एका वाक्यात सगळं हवं असतं. तीन भाग ठेवा, तिन्ही खात्यांचा एकेक, आणि खात्रीचा शब्द गाळू नका. आपल्या उदाहरणात सारांश असा झाला:

«९ सप्टेंबर रोजी गरम पाण्याच्या लाइनच्या एल्बो ४ मधून गळती झाली; भेग बाहेरून आत गेलेली, फांद्या फुटलेली असून तिच्यात क्लोरीन आढळले (पु-१, पु-४). कारण क्लोराइडचा ताण-गंज (सिद्ध). क्लोराइड क्लॅडिंगच्या उघड्या सांध्यातून पाण्यासोबत आले (बहुधा), त्याचा मूळ स्रोत ठरलेला नाही. एल्बो ४ व ७ बदलले आहेत. सांध्यांची पुनर्बांधणी, कोटिंग आणि मे तपासणीची कामे मे अखेरपर्यंत, पडताळणी ऑक्टोबरात.»

«मूळ स्रोत ठरलेला नाही» हे शब्द सहीच्या वेळी कुणीतरी काढायला सांगेल. त्यांच्या जागी फरशी धुण्याच्या पाण्यातलं क्लोराइड मोजलेलं पत्रक आलं, तरच ते काढा.